मिली सारखं म्हणून डोस सारखा नसतो: साडेतीन वर्षांच्या पोराच्या अँटिबायोटिक सिरपचा हिशोब

प्रश्न: मुलगा साडेतीन वर्षांचा, काल दवाखान्यात वजन १२.८ किलो भरलं. कान दुखतोय आणि ताप. डॉक्टरांनी अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचं ४५७ चं ड्राय सिरप लिहून दिलं, साडेतीन मिली सकाळ-संध्याकाळ, ५ दिवस. कळंब्यात आमच्या जवळच्या मेडिकलमध्ये ४५७ नव्हतं, त्यांनी २२८.५ च्या दोन बाटल्या दिल्या आणि "डबल द्या, ७ मिली" म्हणाले. शेजारच्या वैनी म्हणतात त्यांच्या पोराला ४५७ मधलं ५ मिली चालू होतं. आता नक्की किती द्यायचं, आणि डोस बरोबर आहे का ते आपण कसं तपासायचं?

उत्तर:

ताई, आधी थोडक्यात सांगतो म्हणजे जीव भांड्यात पडेल. २२८.५ असेल तर ७ मिली हा आकडा बरोबर आहे. पण दुकानदाराने असं परस्पर बदलून देण्याआधी डॉक्टरांना एक फोन टाकायला पाहिजे होता, तो झाला नसेल तर तुम्ही आज टाका. आणि दोन बाटल्या पुरणार नाहीत, ते का ते पुढं सांगतो. मी राजारामपुरीत गेली पंचवीस वर्षं फार्मासिस्ट म्हणून कौंटरवर उभा आहे, आणि लहान पोरांच्या ड्राय सिरपमध्ये जेवढे घोळ बघितलेत तेवढे दुसऱ्या कुठल्या औषधात बघितले नाहीत, त्यामुळं जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, मिली म्हणजे डोस नव्हे. मिली म्हणजे नुसतं पाणी किती ते. डोस असतो मिलिग्रॅममध्ये, आणि लहान पोरात तो ठरतो वजनावर. आपल्याकडं सगळे बोलताना "पाच एमएल चालू आहे" असंच बोलतात, आई-बापही आणि खरं सांगायचं तर आम्ही दुकानदारही, आणि तिथंच गाडी घसरते.

आता खोक्यावरचा तो ४५७ आकडा. तो आहे दोन औषधांची बेरीज. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात बघा, दर ५ मिलीमध्ये अ‍ॅमॉक्सिसिलिन ४०० मिलिग्रॅम आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड ५७ मिलिग्रॅम, असं लिहिलेलं असतंय. ४०० आणि ५७ मिळून ४५७. तसंच २२८.५ म्हणजे २०० आणि २८.५. जंतू मारायचं काम अ‍ॅमॉक्सिसिलिन करतं. काही जंतू त्यालाच तोडणारं एन्झाइम सोडतात, तर क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड त्या एन्झाइमला अडवून धरतं, स्वतः फारसं काही मारत नाही. म्हणून डोस मोजायचा तो अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या आकड्यावर, बेरजेच्या नाही. बेरीज धरून हिशोब केला तर डोस आठव्या हिश्श्यानं कमी भरतो आणि कुणाच्या लक्षात पण येत नाही.

मी काय करतो, खोकं हातात आलं की त्यावर मार्करनं एकच आकडा लिहून टाकतो, १ मिलीमध्ये अ‍ॅमॉक्सिसिलिन किती. ४५७ असेल तर ४०० भागिले ५, म्हणजे ८०. २२८.५ असेल तर २०० भागिले ५, म्हणजे ४०. बस, हा एक आकडा हाताशी असला की बाकी सगळं शाळेतल्या गुणाकार-भागाकारावर आलं.

आता तुमच्या चिठ्ठीचा हिशोब करूया, आणि तो उलट्या बाजूनं करूया. डॉक्टर सुलट करतात, म्हणजे वजनापासून मिलीपर्यंत जातात. आपण मिलीपासून वजनाकडं यायचं, म्हणजे आपलं उत्तर त्यांच्या उत्तराची नक्कल राहत नाही, खरी तपासणी होते.

डॉक्टरांचं ३.५ मिली, ४५७ मधलं. ३.५ गुणिले ८०, झाले २८० मिलिग्रॅम एका वेळी. दिवसातून दोनदा, म्हणजे ५६० मिलिग्रॅम दिवसाला. त्याला १२.८ किलोनं भागा, येतात ४३.७५. म्हणजे दर किलोला दिवसाला साधारण ४४ मिलिग्रॅम. या ७ ला १ प्रमाणाच्या, म्हणजे सात भाग अ‍ॅमॉक्सिसिलिनला एक भाग क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड असलेल्या सिरपची, ४५७ आणि २२८.५ दोन्हीची, ३ महिन्यांच्या वरच्या आणि ४० किलोच्या आतल्या पोरांसाठी नेहमीची हद्द आहे दर किलोला दिवसाला २५ ते ४५ मिलिग्रॅम, दोन वेळात वाटून. हलक्या आजाराला खालचं टोक, कान, सायनस, छाती असल्या ठिकाणी वरचं टोक. तुमच्या पोराचा कान आहे, डॉक्टर वरच्या टोकाजवळ गेलेत, तर हे अगदी जिथं असायला पाहिजे तिथंच आहे.

त्यांनी ३.५ कुठून आणलं तेही बघा. १२.८ गुणिले ४५ म्हणजे ५७६, त्याचे दोन भाग २८८, भागिले ८० म्हणजे ३.६ मिली. पिचकारीवर घरच्या माणसाला ३.६ नीट दिसत नाही म्हणून ३.५ केलं. असं थोडं खाली-वर करणं चालतं, त्यात काही बिघडत नाही.

आता तुमच्या हातातली बाटली २२८.५ ची. ७ गुणिले ४० म्हणजे २८०. तेच आलं. दुसऱ्या औषधाचं पण बघून घेऊ, कारण इथं लोक थांबतात आणि थांबायचं नसतं. २८.५ भागिले ५ म्हणजे १ मिलीत ५.७. ७ मिलीत ३९.९, दिवसाला ७९.८, किलोनं भागलं की ६.२. आणि ४५७ मधल्या ३.५ मिलीत पण ३९.९ च. दोन्ही सिरपमध्ये प्रमाण सारखं, ७ ला १, म्हणून नुसतं डबल केलं की दोन्ही औषधं बरोबर जुळली. "डबल द्या" हे इथं खरं ठरलं ते यामुळं.

पण "डबल द्या" हा नियम म्हणून डोक्यात ठेवू नका. समजा दुकानात १२५ आणि ३१.२५ वालं, म्हणजे १५६.२५ लिहिलेलं जुन्या प्रमाणाचं सिरप असतं, तिथं १ मिलीत अ‍ॅमॉक्सिसिलिन २५ च. २८० गाठायला ११.२ मिली द्यावं लागलं असतं, आणि त्यात क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड जातं ७० मिलिग्रॅम, दिवसाला १४०, दर किलोला जवळजवळ ११. हे साधारण १० च्या वर जाऊ द्यायचं नसतं, कारण मग पोराला पातळ शी धरते, दिवसातून सहा-सात वेळा, आणि आई म्हणते अँटिबायोटिक सोसलंच नाही. अ‍ॅमॉक्सिसिलिन बरोबर, तरी डोस चुकीचा. दुसरीकडं ६०० आणि ४२.९ वालं पण सिरप असतं, त्यात प्रमाण १४ ला १, ते मुद्दाम मोठ्या डोससाठी, म्हणजे दर किलोला दिवसाला ८० ते ९० साठी बनवलेलं. ते त्याच्याच हिशोबानं लिहायचं असतं, ४५७ च्या जागी देऊन भागाकार करत बसायचं नाही.

आणि म्हणूनच घरात कुणी उद्या ४५७ आणून त्यातलं ७ मिली दिलं तर काय होतं बघा. अ‍ॅमॉक्सिसिलिन ८७.५ पडतं, आता कुणी तरी नेटवर वाचून म्हणेल की ९० पर्यंत चालतं की ओ. चालतं, पण त्या १४ ला १ वाल्यात. तुमच्या ७ ला १ मध्ये त्याच्याबरोबर क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड १२.५ जातंय. हद्द बघताना ती कुठल्या सिरपची आहे हे बघितलं नाही तर हद्द बघून न बघितल्यासारखंच. आणि उलटं, २२८.५ मधलं ३.५ मिलीच देत राहिलात तर दर किलोला २२ च्या आसपास पडतं, २५ च्या खाली.

हे दुसरं माझ्याच हातून झालंय, सांगायला लाज कसली. बरीच वर्षं झाली, श्रावणातली संध्याकाळ, पाऊस धो धो, कौंटरवर दहा माणसं छत्र्या झटकत उभी. चिठ्ठीत ४५७, ४ मिली दोनदा, पोरगी १४ किलोची. माझ्या हाताला २२८.५ लागलं, नाव तेच, खोक्याचा रंग तोच, दिलं. तिसऱ्या दिवशी बाप आला, ताप हटेना म्हणून. खोकं बघितलं आणि पोटात गोळा आला. ४ गुणिले ४०, १६०, दोनदा ३२०, भागिले १४, जेमतेम २३. डॉक्टरांना फोन लावून जे झालं ते सांगितलं, त्यांनी दोन शब्द सुनावले आणि डोस सुधारून दिला. खोक्यावर मार्करनं आकडा लिहायची सवय तिथून लागली. नावामागं फोर्ट, डीएस, ड्युओ अशी शेपटं लावलेली असतात, त्यावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचं शेपूट वेगळं. आकडा वाचा.

शेजारच्या वैनींचं. त्या खोटं सांगत नाहीत. त्यांचं पोरगं १८ किलोचं असेल तर ५ मिली म्हणजे ४०० मिलिग्रॅम, दिवसाला ८००, भागिले १८, ४४ आलं, एकदम बरोबर. तेच ५ मिली तुमच्या १२.८ किलोच्या पोराला दिलं तर ६२.५. वय सारखं असून वजनात पाच किलोचा फरक असणं आपल्याकडं काही नवीन नाही. वयावरून वजन काढायचं एक जुनं सूत्र आहे, वयात ४ मिळवायचे आणि दुप्पट करायची. तुमच्या पोराला ते लावलं तर १५ किलो येतं. १५ किलो धरून ४५ नं डोस काढला तर एका वेळी ४.२ मिली, आणि खऱ्या वजनावर तो पडतो ५३ च्या आसपास. म्हणून ते सूत्र तातडीत, काटा नसेल तेव्हाचं, घरी बसून वापरायचं नाही. वजन आत्ताचं पाहिजे, सहा महिन्यांपूर्वी लसीच्या कार्डावर लिहिलेलं नाही. दवाखान्यात स्वेटर-बूट घालून केलेलं असलं तर तेवढं मनात धरा. घरच्या काट्यावर पोरगं उभं राहत नसेल तर कडेवर घेऊन आपलं करायचं, मग एकट्याचं करून वजा करायचं, पण त्यात अर्धा-एक किलो इकडं-तिकडं सहज होतं. तुमचं कालचं दवाखान्यातलं आहे, तेच धरा.

अजून एक घोटाळा जो शिकलेली माणसं पण करतात, दिवसाचा डोस आणि एका वेळचा डोस. पॅरासिटॅमॉल मोजताना आपण दर किलोला १५ मिलिग्रॅम एका वेळी, असं मोजतो. ती सवय इथं आणली की ४५ एका वेळचे समजून दोनदा दिले जातात आणि डोस सरळ दुप्पट. अँटिबायोटिकच्या पुस्तकातला आकडा बहुतेक वेळा दिवसाचा असतो, किती वेळात वाटायचा ते पुढं लिहिलेलं असतं. म्हणून मी उलटा हिशोब करताना "गुणिले दोन" ही पायरी कधी तोंडी करत नाही, कागदावर लिहूनच करतो.

आता बाटली. कागदावरचा सगळा हिशोब हे धरून चाललाय की १ मिलीत खरोखर ४० मिलिग्रॅम आहे, आणि ते तुम्ही पाणी किती घातलं त्यावर ठरतं. ३० मिलीच्या २२८.५ च्या बाटलीत पावडरमध्ये अ‍ॅमॉक्सिसिलिन एकूण १२०० मिलिग्रॅम. बाटली आधी उलटी करून तळव्यावर आपटा, पावडर तळाला घट्ट बसलेली असते ती सुटली पाहिजे. मग खोक्यात पाण्याची छोटी बाटली असेल तर ती, नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी, निम्मं घालून जोरात हलवा, मग रेघेपर्यंत भरा, परत हलवा, आणि आता मुख्य काम, पाच मिनिटं ठेवून द्या. फेस खाली बसला की पातळी रेघेच्या खाली गेलेली दिसते, तेवढं पाणी परत घालायचं. फेसाचीच पातळी बघून थांबलात आणि आत खरं २५ मिलीच झालं, तर १ मिलीत ४० ऐवजी ४८ पडले. उलट कुणी "३० मिलीची बाटली, म्हणून ३० मिली पाणी" असं मोजून घातलं तर पावडरीची जागा धरून ते रेघेच्या वर जातं आणि औषध पातळ होतं. रेघ ही पावडर आणि पाणी मिळून आहे. गरम पाणी नको, क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड नाजूक असतं, उष्णतेनं लवकर खराब होतं. त्याच कारणासाठी कालवलेली बाटली फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही, दारातल्या कप्प्यात पण शक्यतो नको, आणि खोक्यावर लिहिलेल्या दिवसांत, बहुतेकांवर ७ दिवस असतात, संपवायची नाहीतर टाकून द्यायची. रंग गडद पिवळा-तपकिरी व्हायला लागला तर दिवस शिल्लक असले तरी वापरू नका.

बाटल्यांचा हिशोब. ७ मिली दोनदा म्हणजे १४ दिवसाला, ५ दिवसाचे ७० मिली. दोन बाटल्या ६० मिली. चार दिवसात ५६ संपले, पाचव्या दिवशी सकाळी ४ मिली उरतात आणि तुम्ही म्हणणार पोरगं बरं वाटतंय, राहू दे. दुकानदाराने ४५७ चा हिशोब डोक्यात ठेवून बाटल्या दिल्या, तिथं ३५ मिली लागत होते, दोन बरोबर होत्या. डोस डबल केला, बाटल्या डबल करायच्या राहिल्या. तर तिसरी आणून ठेवा, पण कालवू नका, एक संपत आली की दुसरी कालवायची. ही एक चांगली खूण पण आहे, बाटली ठरलेल्या दिवसाच्या आधी संपली किंवा नंतर उरली तर मोजण्यात नाहीतर कालवण्यात कुठं तरी चूक आहे असं समजायचं. तुमची पहिली बाटली दोन दिवस पुरून तळाला २ मिली राहायला पाहिजेत, थोडं बाटलीला चिकटतं ते सोडा.

मोजायला चमचा घेऊ नका हो. आमटीत घालायचा चमचा, साखरेचा चमचा, प्रत्येक घरात वेगळा, कुणाचा ३ मिली, कुणाचा ६. दुकानात १० मिलीची सुई नसलेली पिचकारी मागा, तोंडानं द्यायची, दहा-वीस रुपयाचं काम आहे. खोक्यातल्या टोपणावर बऱ्याचदा २.५, ५ अशाच रेघा असतात, त्यात ७ अंदाजानं येतं. प्रत्येक वेळी आधी बाटली हलवा, नाहीतर वरचं पातळ पहिल्या दिवशी आणि तळाचं घट्ट शेवटच्या दिवशी जातं. ७ मिली एकदम तोंडात सोडू नका, गालाच्या आतल्या बाजूनं थोडं थोडं. आणि जेवणाच्या सुरुवातीला दिलं तर पोट कमी बिघडतं, मग ते दूधभात असो की वरणभात.

आकडा हद्दीबाहेर आला तर काय, हे पण तुम्ही विचाराल असं वाटतं. तर स्वतः मिली कमी-जास्त करायचे नाहीत. आधी आपला हिशोब परत करा, वजन, ती १ मिलीची संख्या, दिवसातून किती वेळा. दहातल्या नऊ वेळा चूक आपलीच निघते. तरी बाहेरच येत असेल तर डॉक्टरांना फोन, आणि फोनवर "डोस चुकलाय" असं नाही म्हणायचं, "वजन एवढं, सिरप एवढ्याचं, मिली एवढे, दर किलोला दिवसाला एवढं पडतंय, मुद्दाम आहे का?" असं विचारायचं. कारण मुद्दाम पण असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या पोराला कमी देतात, ३ महिन्यांच्या आतल्या बाळाचा हिशोबच वेगळा असतो, ४० किलोच्या वरच्या पोराला मोठ्या माणसाचा डोस लावतात आणि किलोनं गुणत बसत नाहीत. असा नेमका प्रश्न विचारलेला डॉक्टरांना आवडतो, निदान आमच्या भागातल्या बऱ्याच जणांना.

आणि हा हिशोब काय सांगत नाही ते पण ऐका. डोस हद्दीत आहे म्हणजे औषध लागू आहेच असं नाही. आधी कधी पेनिसिलिनच्या जातीच्या औषधानं अंगावर पित्त उठलं असेल, किंवा याच औषधानं कावीळ झाली असेल, तर ७ मिली काय आणि अर्धा मिली काय, द्यायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. औषध दिल्यावर ओठ-डोळे सुजले, श्वासाला घरघर लागली तर फोनाफोनी न करता सरळ मोठ्या दवाखान्यात. दोन दिवस नीट डोस जाऊन पण ताप आणि कानाचं दुखणं तसंच असेल तर पाचवा दिवस उजाडायची वाट न बघता परत दाखवा.

आज संध्याकाळच्या डोसला पिचकारी ७ वर, खोक्यावर "१ मिली = ४०" लिहून ठेवा म्हणजे आजी देणार असतील त्यांनाही कळेल. आणि डॉक्टरांना फोन केलात की सिरप बदललंय हे त्यांच्या पण कागदावर येऊ दे, नाहीतर पुढच्या वेळी ते विचारतील "मागचा डोस किती होता?", तुम्ही सांगाल ७ मिली, आणि ते समोर ४५७ धरून बसलेले असतील.